मशीन अरबीत उघडलं तर? मस्कतहून परत येताना चेक-इनचं मशीन कसं वापरायचं

प्रश्न: दादा, आई-बाबा भावाकडे मस्कतला गेलेत, येताना मुंबईपर्यंत विमानाने आणि पुढे रत्नागिरीला ट्रेनने, दोघंच असणार. भावाची ड्युटी आहे, तो टर्मिनलच्या दारात सोडून जाणार. तिथे मशीनवर स्वतःच चेक-इन करायचं म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या काकांसमोर गेल्या खेपेला सगळं अरबीतच उघडलं होतं. बाबांना इंग्रजी वाचता येतं पण हळू, आईला अक्षरं लागतात. दोघांचं तिकीट एकाच बुकिंगवर आहे, त्यावर 30K लिहिलंय, बॅगा तीन आहेत, २४, १९ आणि १४ किलोच्या. कुठे काय दाबायचं ते नीट सांगाल का?

उत्तर:

ताई, गल्फमधल्या एका एअरपोर्टवर मी आधी चेक-इन काउंटरला होतो आणि नंतर ह्याच मशीनांच्या शेजारी उभा राहून लोकांना मदत करायचं काम केलं, आता गुहागरला घरी असतो. तिथे जी माणसं अडकायची त्यातली बरीचशी दोनच जागी अडकायची, एक अगदी सुरुवातीला भाषेपाशी आणि दुसरी बॅगांच्या पानावर. मधलं सगळं पासपोर्ट स्कॅन झाला की मशीन स्वतःच उरकतं. म्हणून ह्या दोन जागांवर जास्त लिहितो, बाकीचं भराभर.

आधी एक विचारतो, आई-बाबांपैकी कुणासाठी व्हीलचेअर सांगितलीय का? सांगितली असेल तर मशीनच्या नादाला लागूच नका, व्हीलचेअरवाल्यांना मशीन बहुतेक वेळा काउंटरवरच पाठवतं, सरळ तिकडे जायचं. नसेल तर पुढे वाचा.

मशीन अरबीत उघडतं त्याची कारणं दोन. एक म्हणजे मशीनची मूळ भाषाच ती असते. दुसरं म्हणजे आधीचा माणूस अरबी निवडून अर्धवट सोडून गेलेला असतो, आणि हे जास्त वेळा होतं. ह्यात फरक असा की दुसऱ्या वेळी तुमच्यासमोर त्या माणसाचं बुकिंग उघडं असतं. तर स्क्रीनवर कुणाचं नाव, फ्लाइट नंबर किंवा सीटचा नकाशा असं काही दिसलं तर पुढे काही दाबायचं नाही, आधी ते बंद करायचं. बंद करायचं बटण बहुतेक लाल असतं किंवा त्यावर फुली असते, अरबीत त्यावर إلغاء किंवा خروج असं लिहिलेलं असतं. ते सापडत नसेल तर हात बाजूला घेऊन शांत उभं राहायचं, थोड्या वेळाने एक चौकट येते, "तुम्ही आहात का अजून" असं विचारणारी, तिला उत्तर दिलं नाही की मशीन आपणहून पहिल्या पानावर जातं. बाबांना हे मुद्दाम सांगून ठेवा, कारण त्यांच्या स्वतःच्या चेक-इनच्या मधेही तीच चौकट येणार, आणि तेव्हा मात्र उत्तर द्यायचंय. इंग्रजीत असेल तर Yes किंवा Continue, अरबीत نعم किंवा متابعة. वाचायला वेळ लागतो म्हणून माणूस थांबतो आणि मशीनला वाटतं की गेला.

आता पहिलं पान. मशीन एकाच एअरलाइनचं असेल तर थेट तिचं पान येतं, पण बऱ्याच एअरपोर्टवर मशीनं सगळ्यांची सामाईक असतात आणि तिथे आधी एअरलाइनचे लोगो दिसतात. लोगो वाचायला भाषा लागत नाही, बाबांनी तिकिटावरचा लोगो आणि स्क्रीनवरचा लोगो जुळवायचा. मात्र तिकीट एका एअरलाइनने विकलेलं आणि विमान दुसरीचं असं असेल तर तिकिटावर OPERATED BY असं लिहून पुढे नाव असतं, लोगो त्या नावाचा दाबायचा.

सामाईक मशीनमध्ये आणखी एक गंमत आहे, भाषा दोनदा निवडावी लागते. एकदा एअरपोर्टच्या पानावर, आणि लोगो दाबल्यावर एअरलाइनचा स्वतःचा प्रोग्राम उघडतो तो परत आपल्या भाषेत. लोक म्हणतात मी इंग्लिश दाबलं होतं तरी परत अरबी आलं, मशीन बिघडलंय, आणि दुसऱ्या मशीनच्या रांगेत जाऊन उभे राहतात. बिघडलेलं काही नसतं, परत एकदा दाबायचं.

भाषेचं बटण ओळखायचं कसं, तर त्यावर English किंवा EN असं आपल्याला वाचता येईल असंच लिहिलेलं असतं. आणि बटणावर असते ती आत्ताची भाषा नव्हे, ज्या भाषेत जायचंय ती. म्हणजे पान अरबीत असेल तेव्हा English दिसतं, आणि पान इंग्रजीत आलं की त्याच बटणावर العربية येतं. मग काही लोक काय करतात, इंग्रजी पान आलेलं असतं, कोपऱ्यात अरबी अक्षरं दिसतात, म्हणून घाबरून तेच दाबतात आणि परत अरबीत जातात. काही मशीनांवर नुसतं पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र असतं किंवा झेंडे असतात, गोळा दाबला की भाषांची यादी येते. इंग्रजीसाठी बहुतेक ब्रिटनचा झेंडा असतो. तिरंगा दिसला तर खूश होऊ नका, तो असलाच तर हिंदीसाठी असतो आणि सगळ्या पानांना हिंदी असेलच असं नाही.

बटण कोपऱ्यात शोधायचं, पण कुठल्या कोपऱ्यात? अरबी पान नुसतं अरबीत लिहिलेलं नसतं, ते आख्खं उलटं मांडलेलं असतं, आरशात बघितल्यासारखं. इंग्रजी पानावर जे वर उजवीकडे असतं ते अरबी पानावर वर डावीकडे जातं. म्हणून English शोधताना वरचे दोन्ही कोपरे बघायचे, नाही दिसलं तर खालची पट्टी.

आता समजा English सापडलंच नाही किंवा मधल्या कुठल्यातरी पानावर मशीन परत अरबीत गेलं, तर ह्या उलट्या मांडणीचा खरा त्रास पुढे आणि मागे ह्या बटणांपाशी होतो. आपल्या हाताला सवय असते की खाली उजवीकडचं बटण म्हणजे पुढे. अरबी पानावर खाली उजवीकडे "मागे" असतं. पुढे जायचं बटण खाली डावीकडे, त्यावर التالي असं लिहिलेलं आणि बाण असलाच तर तोही डावीकडे तोंड केलेला. आमच्याकडे एक रत्नागिरीचेच गृहस्थ होते, पासपोर्ट स्कॅन करायचे, पुढचं पान आलं की खाली उजवीकडचं बटण दाबायचे आणि परत पासपोर्टच्या पानावर यायचे. चार वेळा तरी मी लांबून बघितलं, त्यांना वाटत होतं पासपोर्ट लागत नाहीये. तर खूण अशी, बटण दाबल्यावर आधी बघितलेलंच पान परत आलं तर मशीनला दोष न देता दुसऱ्या बाजूचं बटण दाबायचं. रंगही मदत करतो, पुढे जायचं बटण बहुतेक भरीव रंगाचं असतं आणि मागे जायचं नुसती चौकट असलेलं किंवा राखाडी. तिथे गाड्याही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तसंच हे समजा.

पासपोर्टचं पान आलं की तीन-चार पर्याय दिसतात, बुकिंग नंबर, तिकीट नंबर, पासपोर्ट वगैरे. बाबांनी पासपोर्टच निवडायचा, पासपोर्टच्या पुस्तकाचं चित्र असतं त्यावर. कारण टायपिंग नको. बुकिंग नंबर टाकायला गेलं की कीबोर्ड येतो, आणि तोही अरबी आला तर ABC किंवा EN लिहिलेली की शोधत बसायची. पासपोर्टला वरून कव्हर असेल तर काढायचं, फोटोचं पान उघडायचं आणि ते काचेवर पालथं ठेवायचं. त्या पानाच्या तळाशी <<< अशा खुणा असलेल्या दोन ओळी असतात, मशीनला वाचायच्यात त्या, फोटो नव्हे. पुष्कळ लोक पासपोर्ट उलटा ठेवतात किंवा दिवा लागायच्या आत उचलतात. मशीनवरच्या चित्रात त्या दोन ओळी कुठल्या बाजूला दाखवल्यात ते बघून तसा ठेवायचा, वरून हलका दाबून धरायचा आणि पान बदलेपर्यंत हलवायचा नाही.

बुकिंग एकच असल्यामुळे बाबांचा पासपोर्ट लागला की आईचंही नाव पडद्यावर येईल. दोन्ही नावांपुढे बरोबरची खूण हवी, नाहीतर बाबांचं एकट्याचं चेक-इन होऊन दोघांच्या सीट लांब लांब पडायच्या. मग ते आईचाही पासपोर्ट मागेल. नावं वाचताना आडनाव आधी आणि स्वतःचं व नवऱ्याचं नाव नंतर एकत्र, कधीकधी पुढे चिकटून MRS, असं दिसेल, त्याने बिचकू नका. सीटच्या पानावर एकच लक्षात ठेवा, ज्या सीटवर किंमत लिहिलीय तिला हात लावायचा नाही. आधीच दिलेली सीट चालत असेल तर सरळ पुढे.

त्यानंतर धोकादायक सामानाचं पान येतं. ते चित्रांचं असतं, लायटर, स्प्रे, गॅसचा डबा, फटाके, बॅटरी. खाली दोन बटणं. हे पान न बघता हो म्हणून पुढे जायचं नाही, कारण काही मशीनं विचारतात "ह्यातलं काही आहे का" आणि काही म्हणतात "ह्यातलं काही नाही हे मला मान्य आहे". पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला हो. पहिल्या प्रकारात चुकून हो दाबलं तर मशीन चेक-इन तिथेच थांबवून काउंटरवर जा असं सांगू शकतं. अरबीत असेल तर نعم म्हणजे हो आणि لا म्हणजे नाही, पण प्रश्नच वाचता येत नसेल तर अंदाजाने दाबू नये, इथे मात्र जवळच्या स्टाफला हाक मारावी. हे एकच पान असं आहे जिथे मी हट्टाने म्हणेन की माणूस बोलवा.

ह्या पानासाठी घरातच एक काम करा, पॉवर बँक कुठे आहे ते बघा. ती चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिन बॅगेतच हवी. 100Wh पर्यंतची चालते. नेहमीची 20000mAh वाली साधारण ७४ Wh भरते म्हणजे तिची काळजी नाही, पण तो आकडा तिच्यावर छापलेला असायला हवा, पुसलेला असेल तर अडवतात. आणि पुढल्या खेपेला जाताना सुकं खोबरं नेऊ नका, आपल्याकडच्या प्रत्येक आईच्या बॅगेत ते असतं म्हणून सांगतो. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात, मुंबईला बॅग उघडायला लावून काढतात. ओल्या नारळाचं तसं नसतं.

आता बॅगांचं पान. ते फक्त संख्या विचारतं, वजन नाही. वजन नंतर बॅग जमा करताना होतं. प्रत्येक नावापुढे एक आकडा आणि दोन्ही बाजूंना + आणि −, सुरुवातीला आकडा बहुतेक 0 असतो. अरबी पानावर + ची बाजूही बदललेली असू शकते, पण चिन्ह तेच असतं, म्हणून जागा बघून नव्हे तर चिन्ह बघून दाबा आणि आकडा वाढला का ते बघा.

इथे आकड्यांची एक भानगड आहे आणि ती मराठी माणसाला जास्त फसवते. काही मशीनं अरबी पानावरही 1, 2, 3 असेच आकडे दाखवतात, पण काही ١ ٢ ٣ असे दाखवतात. ह्यातला १, २, ३ आपल्याला ओळखीचा वाटतो कारण आपल्या आकड्यांशी त्यांचं साम्य आहे. पण ٥ हा त्यांचा पाच आहे आणि दिसतो आपल्या शून्यासारखा, त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, ٠. म्हणजे ٢٥ किलो लिहिलं असेल तर आपण वीस वाचतो, असतात पंचवीस. ٦ म्हणजे सहा, तो इंग्रजी सातासारखा दिसतो. आणि अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचतात तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे, त्यामुळे ٣٠ म्हणजे तीसच. घरात कुणाला उर्दू येत असेल तर त्यांना सोपं जाईल, फक्त उर्दूत काही आकड्यांची वळणं थोडी वेगळी असतात.

तुमच्या तिकिटावर 30K आहे म्हणजे माणशी एकूण तीस किलो, बॅगा किती ह्यापेक्षा वजन महत्त्वाचं. 2PC असं असतं तर माणशी दोन नग असा हिशोब झाला असता, आणि प्रत्येक नगाची वेगळी मर्यादा. काही एअरलाइन 30K असूनही जास्तीत जास्त किती नग ते ठरवतात, तिकिटावर तसं काही आहे का ते एकदा बघा. तुमच्या बॅगा २४, १९ आणि १४, बेरीज ५७, दोघांचे मिळून साठ, म्हणजे वरवर सगळं बसतं. एकाच बुकिंगवरचं वजन पुष्कळ एअरलाइन एकत्र धरतात, पण सगळ्या धरतात असं नाही, आणि माणशी बघायला गेलं तर ह्या तीन बॅगा कशाही वाटा, एकाच्या नावावर तीसच्या वर जातंच. २४ आणि १४ बाबांच्या नावावर टाकल्या तर ३८ होतात, १९ आणि १४ आईच्या नावावर टाकल्या तर ३३. म्हणून घरीच १४ वाल्या बॅगेतून चार किलो काढून २४ वाल्यात घाला. मग बाबांची एक बॅग २८ ची आणि आईच्या दोन, १९ आणि १०, मिळून २९. एकत्र धरा नाहीतर वेगळं धरा, दोन्हीकडे बसतं, आणि घरच्या काट्यात थोडा फरक असतो त्यालाही एखाद किलोची जागा राहते. एका बॅगेत ३२ किलोच्या वर मात्र कधीच भरायचं नाही, ती मर्यादा उचलणाऱ्या माणसांसाठी आहे, पैसे देऊनही सहसा सुटत नाही.

मग मशीनवर बाबांपुढे 1 आणि आईपुढे 2. ह्यानंतर थेट छपाईकडे जायला हवं. त्याऐवजी कार्डाचं चित्र आणि OMR असं लिहिलेली रक्कम आली तर समजायचं की मशीन जास्तीच्या बॅगेचे पैसे मागतंय. कार्ड घालू नका. मागे जाऊन आकडे परत बघा, जरुरीपेक्षा जास्त + दाबलं गेलं असेल. आकडे बरोबर असूनही मागत असेल तर तिथेच सोडून काउंटरवर जायचं. ती रक्कम वाचतानाही जपून, ओमानी रियालात दशांशानंतर तीन आकडे असतात, 15.000 म्हणजे पंधरा रियाल, पंधरा हजार नव्हे. एक बाई ते वाचून रडायच्या बेतात आल्या होत्या. पंधरा रियाल पण कमी नाहीत म्हणा.

बॅगांचा आकडा चुकून 0 राहिला आणि बोर्डिंग पास छापून आले तरी आभाळ कोसळत नाही, बॅग जमा करायच्या काउंटरवर सांगितलं की ते बॅगा चढवून टॅग देतात. फक्त रांग लांब असते. बहुतेक एअरलाइनचं चेक-इन उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, त्यामुळे भावाला म्हणावं तीन तास आधी सोड.

टॅग मशीनमधून एकामागून एक लांब पट्ट्यांसारखे येतात, तिन्ही बाहेर पडेपर्यंत ओढायचे नाहीत, ओढला की फाटतो किंवा मधेच अडकतो. प्रत्येकावर नाव असतं, बाबांच्या नावाचा मोठ्या बॅगेला, आईचे दोन दुसऱ्या दोघींना. मोठ्या अक्षरात तीन अक्षरं असतात ती BOM, म्हणजे मुंबई, हवीत. पुढे रत्नागिरीपर्यंत ट्रेनने जायचंय त्याचा इथे काही संबंध नाही. मागचा कागद सोलायचा, पट्टी हँडलमधून काढायची आणि दोन टोकं एकमेकांना अशी चिकटवायची की बारकोड बाहेरून दिसेल आणि त्याला सुरकुती नसेल. जाताना मुंबईला लावलेला जुना टॅग आणि बॅगेवर चिकटवलेले बारकोडचे छोटे तुकडे आधी काढून टाका, स्कॅनरने जुना बारकोड वाचला तर बॅग भलतीकडे जाऊ शकते.

टॅगच्या टोकाला एक छोटा सुटा तुकडा असतो, त्यावर दहा आकडी नंबर असतो, तो बॅगेला लावायचा नाही, बोर्डिंग पासच्या मागे चिकटवायचा. तीन बॅगांचे तीन तुकडे. मुंबईला पट्ट्यावर एखादी बॅग नाहीच आली तर तिथल्या टेबलावर पहिला प्रश्न ह्या नंबराचा असतो.